उताऱ्यावरचं नाव आणि जमिनीची मालकी

तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत सातबारा असतोच. घड्या पडून मऊ झालेला, कधी प्लास्टिकच्या कव्हरात जपलेला. भाऊ म्हणतो, "वकीलसाहेब, तीस वर्षं माझ्या एकट्याचं नाव आहे, आता हिचा हिस्सा कुठून आला?" त्याच दाव्यातली बहीण पहिल्या भेटीत दबक्या आवाजात विचारते, "उताऱ्यावर माझं नाव नाही, मग माझं काही उरलंय का?" दोघांचे प्रश्न उलटसुलट असले तरी त्यांच्यामागची समजूत एकच आहे. जमिनीची मालकी उताऱ्यावर तयार होते आणि उताऱ्यावरच संपते, असं दोघेही धरून चालतात. वारसाच्या जमिनीची निम्मी भांडणं मला याच समजुतीतून उभी राहिलेली दिसतात.

"वारस नोंद मंजूर झाली, जमीन नावावर झाली"

वारसा नेमका कधी उघडतो ते आधी पाहू. खातेदार वारला की त्याच क्षणी त्याची मालकी कायद्याने ठरलेल्या वारसांकडे जाते. त्यासाठी अर्ज, सही, शिक्का काहीच लागत नाही. हिंदू कुटुंबात मयताने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीचे पहिल्या वर्गातले मुख्य वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ते ठरवून दिलं आहे. मुलगी लग्न होऊन गेली आहे की नाही, याला इथे काडीचंही महत्त्व नाही.

फेरफार यानंतर येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे, वारसाने जमिनीत हक्क मिळालेल्या माणसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तसं कळवायचं असतं. त्यालाच आपण वर्दी देणं म्हणतो. म्हणजे हक्क आधीच मिळालेला असतो आणि वर्दी त्याची खबर असते. ती खबर तलाठी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत लिहून घेतो. जन्माची नोंद केल्याने मूल जन्माला येत नाही आणि ती चुकीच्या नावाने झाली म्हणून मुलाचे आईबाप बदलत नाहीत. फेरफाराचंही तसंच आहे.

गोंधळ होण्याचं कारण मी समजू शकतो. संहितेचं कलम 157 सांगतं की अधिकार अभिलेखातली आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. यातला "खरी मानली जाईल" एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द मात्र कोर्टात गेल्यावर आठवतात. ते अनुमान खोडून काढता येतं आणि वारसाच्या प्रकरणात ते खोडायला बरेचदा जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनं रेशनकार्ड पुरतं. बहीण ही मयताची मुलगी आहे एवढं सिद्ध झालं, की तिचं नाव गाळणारी नोंद मालकीच्या प्रश्नापुरती निकामी होते.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सवर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात हेच स्वच्छ शब्दांत सांगितलं. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. नोंद ज्याच्या नावाची, त्याला जमीन महसूल भरता यावा एवढंच तिचं काम. पुढच्या अनेक निकालांत हे तत्त्व पुन्हा पुन्हा आलं आहे. महसूल खात्याला सारा कोणाकडून घ्यायचा आणि नोटीस कोणाला पाठवायची, हे माहीत असावं लागतं. त्यासाठी हे दफ्तर ठेवलं गेलं आणि त्याच कामासाठी ते चांगलं आहे.

सहा एकरांचा हिशेब

एक उदाहरण सविस्तर पाहू. माणसं कल्पित आहेत, पण अशा घरांची कागदपत्रं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

एका शेतकऱ्याने 1971 साली स्वतःच्या कमाईतून खरेदीखताने 2 हेक्टर 40 आर जमीन घेतली. ढोबळमानाने सहा एकर. 1989 साली तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली. दोन्ही मुलींची लग्नं झालेली. 1990 साली थोरल्या मुलाने वर्दी दिली. फेरफारावर मजकूर असा पडला की खातेदार मयत, वारस थोरला मुलगा, सबब त्याचे नाव दाखल. कुठे कुठे अशा नावापुढे "ए.कु.मॅ." ही अक्षरं असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे हा माणूस एकटा मालक नाही, तो घराच्या वतीने नाव लावून बसलेला आहे, असं ती नोंदच सांगत असते. या घरात मात्र तेवढंही लिहिलं गेलं नाही.

कायद्याने काय झालं ते आता पाहू. 1989 साली बाप वारला त्या दिवशी 240 आरांचे पाच सारखे भाग झाले. आई, दोन भाऊ, दोन बहिणी, प्रत्येकी 48 आर. 2004 साली आईही मृत्युपत्र न करता गेली. तिचे 48 आर चारही मुलांकडे सारखे गेले, प्रत्येकाला आणखी 12. त्या दिवसापासून थोरला, धाकटा आणि दोघी बहिणी, प्रत्येकाचे 60 आर झाले. उताऱ्यावर या सगळ्या काळात एकच नाव होतं.

2016 साली थोरल्याला पैशांची गरज पडली. त्याने बांधालगतचा 1 हेक्टर 20 आरांचा तुकडा नोंदणीकृत खरेदीखताने विकला. घेणाऱ्याने सातबारा पाहिला, एकच नाव दिसलं, इतर हक्कात बोजा नाही हे पाहिलं आणि पैसे मोजले. खरेदीखताच्या आधारे त्याचंही नाव फेरफाराने लागलं. दोन वर्षांनी बहिणींना कळलं आणि त्यांनी वाटणीचा दावा लावला.

थोरला 60 आरांचा मालक होता आणि त्याने 120 विकले. आपल्याकडे नाही ते कोणालाच विकता येत नाही, त्यामुळे घेणाऱ्याच्या हाती थोरल्याचे 60 आरच आले. बाकीच्या 60 आरांपुरतं ते खरेदीखत बहिणींवर आणि धाकट्यावर बंधनकारक नाही, मग खरेदीदाराचं नाव उताऱ्यावर कितीही ठळक असो. वाटणी करताना कोर्ट शक्य तिथे थोरल्याचा हिस्सा विकलेल्या तुकड्यातच पाडायचा प्रयत्न करतं, म्हणजे खरेदीदाराचं कमीत कमी नुकसान होईल. उरलेल्या पैशांसाठी त्याला थोरल्याच्या मागे लागावं लागतं. "मी सातबारा पाहून विश्वासाने घेतली" हा बचाव फारसा टिकत नाही, कारण कायदा खरेदीदाराकडून वाजवी चौकशीची अपेक्षा ठेवतो. ती चौकशी इथे फक्त एका कागदाइतकी लांब होती. 1990 चा फेरफार काढून वाचला असता तर मयताची बायको आणि बाकीची मुलं कुठे गेली, हा प्रश्न कोणालाही पडला असता.

म्हणून जमीन घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, सातबाऱ्यावरच्या नावाजवळ जे फेरफार क्रमांक दिसतात ते मोजा आणि त्यातला प्रत्येक फेरफार मागवा. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती कशी आली ते फेरफारात असतं. जिथे "वारस" हा शब्द येईल तिथे थांबा आणि त्या मयताला एकूण किती मुलं होती, हे गावात विचारा. आईचं नाव नसेल किंवा मुली गाळलेल्या असतील, तर पुढचा व्यवहार सगळ्यांच्या सह्यांशिवाय करू नका.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिस्सा काढायची रीत बदलते, कारण तिथे मुलांचा हक्क जन्मानेच येतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही तो मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने हेही स्पष्ट झालं, की त्यासाठी 2005 साली बाप हयात असायलाच हवा असं नाही. आकडे बदलतील, पण उताऱ्याचं स्थान तेच राहील.

"मंडळ अधिकाऱ्यांनी चौकशी करून मंजूर केलंय"

चौकशी होते, पण ती कशाची, हे पाहायला हवं. वर्दी आली की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते मृत्यूचा दाखला, वारसांची नावं सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक माहिती घेतात. नोंद लिहिली की तिची प्रत चावडीवर लागते आणि ज्यांचा संबंध दिसतो त्यांना नोटीस जाते. हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती वादाच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी घेऊन निर्णय होतो.

आता ज्या मुलीचं नाव प्रतिज्ञापत्रातच नाही, तिला नोटीस कोण पाठवणार? ती शंभर किलोमीटरवर सासरी आहे. चावडीवरचा कागद ती वाचायला येत नाही. 15 दिवस सरतात, हरकत नाही, नोंद मंजूर. या सगळ्यात अधिकाऱ्याने काही बेकायदा केलं असंही म्हणता येत नाही. पण दोन्ही बाजू ऐकून, पुरावे तपासून मालकीचा निवाडा झाला, असं समजणं चूक आहे.

मालकीचा निवाडा करणं मंडळ अधिकाऱ्याच्या अधिकारातच नाही. तहसीलदार आणि प्रांत यांचीही तीच गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात मृत्युपत्राच्या आधारे केलेल्या नोंदीबद्दल हेच सांगितलं. मालकीबद्दल, विशेषतः मृत्युपत्राबद्दल वाद असेल, तर हक्क सांगणाऱ्याने दिवाणी कोर्टातून आपला हक्क ठरवून घ्यावा आणि त्यानंतरच त्या निकालाप्रमाणे नोंद करून घ्यावी. आपल्याकडे अनेकजण उलटा रस्ता धरतात. प्रांताकडे अपील, तिथून अप्पर जिल्हाधिकारी, तिथून पुढे आयुक्त, असं करत दहा वर्षं घालवतात आणि शेवटी हाती येतो तो फक्त नाव कमी किंवा नाव कायम असा आदेश. मालकीचा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो.

नोंदीविरुद्ध प्रांताकडे अपिलाला 60 दिवसांची मुदत आहे आणि सबळ कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो. ती मुदत हुकली म्हणून बहिणीचा हिस्सा बुडाला, असं मात्र होत नाही. अपील नोंदीबद्दल असतं. वाटणीचा दावा मालकीबद्दल असतो आणि तो दिवाणी कोर्टात चालतो.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा मानला जातो, त्यामुळे भाऊ एकटा जमीन कसत राहिला किंवा त्याचं एकट्याचं नाव राहिलं, एवढ्याने बहिणीचा हक्क जात नाही. पण भावाने उघडपणे, नोटीस देऊन किंवा चारचौघांत, "तुझा या जमिनीत काही हिस्सा नाही" असं सांगितलं, तर त्या दिवसापासून 12 वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. तसं पत्र हाती पडलं तर ते कपाटात ठेवून देऊ नका. खरेदीखत झाल्याचं कळलं तरीही लगेच सल्ला घ्या, कारण त्या खताला आव्हान द्यायचं तर मुदतीचा प्रश्न आणखी कडक होतो.

"बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब दिला होता"

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे. फेरफारावर असा मजकूर असतो की मयताच्या मुलींनी आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडत असल्याचा जबाब दिला, सबब त्यांची नावे कमी. खाली अंगठे किंवा सह्या. भावाला वाटतं, काम पक्कं झालं.

एकदा मिळालेली मालकी जबाबाने सुटत नाही. 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा असेल तर 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो. त्यालाच आपण हक्कसोडपत्र म्हणतो. तो दुय्यम निबंधकांसमोर बहिणीने स्वतः हजर राहून, मजकूर समजून घेऊन करायचा असतो. तलाठ्यासमोरचा जबाब त्याची जागा घेऊ शकत नाही आणि बहीण नंतर उभी राहिली तर तिला फक्त त्या जबाबामुळे रोखता येत नाही.

भावाच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगतो. घरातल्या सगळ्यांनी बसून तोंडी वाटणी आधीच केली, त्याप्रमाणे ताबे घेतले, वर्षानुवर्षं तसे वागले आणि फेरफारात त्या झालेल्या वाटणीची फक्त आठवण लिहिली, तर अशी कौटुंबिक व्यवस्था कोर्टं मान्य करतात. 1976 सालच्या काळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग मोकळा ठेवला आहे. पण तिथे सिद्ध करावं लागतं ते वाटणी झाल्याचं. बहिणीला त्या वाटणीत काय मिळालं, कोणता तुकडा तिने कसला, कोणाचं कर्ज कोणी फेडलं, हे विचारलं जातं. "तिने काहीच घेतलं नाही, प्रेमाने सोडलं" हे उत्तर आलं, की ती वाटणी राहत नाही, ती हक्कसोड होते आणि पुन्हा नोंदणीचा प्रश्न उभा राहतो.

मुलींची नावं कब्जेदाराच्या रकान्यात न घेता इतर हक्कात टाकायची रीतही बऱ्याच गावांत आहे. त्यामुळे मुलीचा हिस्सा दुय्यम होत नाही. भावाइतकाच राहतो.

"मग नोंदीला काही किंमतच नाही?"

आहे आणि चांगलीच आहे. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, भूसंपादनाची नोटीस, या सगळ्यांना उतारा लागतो. रस्त्यासाठी जमीन गेली आणि मोबदल्याची नोटीस उताऱ्यावरच्या एकट्या भावाला आली, तर पैसे त्याच्या खात्यात जमा होतात आणि बहिणीला ते मिळवायला वेगळं भांडावं लागतं. कलम 157 चं अनुमानही नाव असलेल्याच्या बाजूने असतं आणि ते खोडायचा भार नाव नसलेल्यावर पडतो. शिवाय जुना फेरफार हा पुरावा म्हणून मोलाचा असतो. 1990 साली घरात कोण कोण होतं, हे कधीकधी त्या एका पानावरच सापडतं. वर्दी देणाऱ्याने तेव्हा सगळी नावं सांगितली असतील आणि फक्त एकच लावलं असेल, तर तीच नोंद बहिणीचं नातं सिद्ध करते.

हुकूमनामा झाल्यावर शेवटचं पान पुन्हा महसूल खात्यातच उलटतं. शेतजमिनीच्या वाटणीचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मोजणी होते, प्रत्येकाचा तुकडा पाडला जातो आणि त्याप्रमाणे फेरफार होऊन चार नावं लागतात. आधी हक्क ठरतो, मग त्याची नोंद होते. वर सांगितलेल्या घरात 1990 सालीच पाच नावं लागली असती तर 2016 चं खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या टेबलापर्यंतच गेलं नसतं, कारण खरेदीदाराने हयात असलेल्या चारही भावंडांच्या सह्या मागितल्या असत्या.

तुमच्या घरात कोणी खातेदार गेलं असेल, तर तीन महिन्यांच्या आत वर्दी द्या आणि प्रतिज्ञापत्रात आई, भाऊ, बहिणी, आधी वारलेल्या भावाची बायकोमुलं, आधी वारलेल्या बहिणीची मुलं, सगळ्यांची नावं लिहा. कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर तो नंतर हक्कसोडपत्राने, स्वतःच्या सहीने सोडू दे. आणि नोंद जुनीच असेल, तर उताऱ्यावरचा तो फेरफार क्रमांक घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, नक्कल काढा आणि त्यावर कोणाची नावं आहेत, कोणाची नाहीत, ते एकदा स्वतः वाचा.